सहादूची जाड तार

घोटीच्या बाजारात सहादू तोकड्यांची एकच फुशारकी होती, आणि ती ऐकली नाही असा माणूस गावात सापडणं कठीण. वायरमनकी करताना केस पांढरे झाले, पण आपण लावलेला फ्यूज आजवर एकदाही उडाला नाही, असं ते चहाच्या गाडीवर, लग्नाच्या मांडवात, दहाव्याच्या पंगतीतसुद्धा सांगत. ते खरंही होतं. त्यांनी लावलेला फ्यूज उडणारच कसा? चिनीमातीच्या किटकॅटमध्ये, म्हणजे फ्यूजच्या ठोकळ्यात, जिथं केसासारखी बारीक तार घालायची, तिथं सहादू जाड केबलमधला तांब्याचा तुकडा काढून पक्कडीनं आवळून टाकत. तसे तुकडे त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायचे. गिरणीवाले खूश, किराणावाले खूश. एकदा सहादूभाऊ येऊन गेले की कटकट मिटली, असं लोक म्हणत. मोटर जळली तर मोटरवाल्याला शिव्या बसायच्या, टीव्ही जळला तर कंपनीला. सहादूची तार मात्र जागच्या जागी शाबूत असायची, आणि सहादू ती सगळ्यांना दाखवायचे.

अशा घरात अठ्ठ्याण्णव साली आशा सून म्हणून आली. ती मूळची नाशिकची. लग्नाआधी अंबडला पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात वायरिंगच्या टेबलावर बसायची. तिचा नवरा, सहादूंचा मुलगा लखन, जीप चालवायचा, तो दिवसभर कसाऱ्याच्या फेऱ्यांत. घरी आशा, सासूबाई नवसाबाई आणि सहादू. आशानं वर्षभर घर सांभाळलं आणि मग एक दिवस पडवीच्या कोपऱ्यात टेबल मांडून स्टॅबिलायझर आणि टीव्ही दुरुस्त करायला घेतले. सहादूंना आधी गंमत वाटली. सून रिपेरिंग करते म्हटल्यावर बाजारात दोन दिवस चेष्टा झाली, तीही त्यांनी हसून घेतली. एका घरात दोन वायरमन, घरातला दिवा तरी लागतो का, असं लोक विचारायचे.

चेष्टा जरा पुढं गेली ती फ्यूजवरून. आशा ज्या वस्तूला हात लावी, तिच्यात काचेचा बारीक फ्यूज घाली. आणि घोटीची लाईट म्हणजे काय सांगावं! भाताचा हंगाम सुरू झाला की सगळ्या राईस मिल एकदम चालू होणार. लाईट गेली आणि पुन्हा आली की सगळ्या मोटारी एकाच दमात उठणार, बाजारातले बल्ब निखाऱ्यासारखे लाल पडणार. मिल बंद झाल्या की तेच बल्ब डोळे दिपतील असे पेटणार. आशाचे फ्यूज अशा वेळी उडायचे. लोक यायचे आणि तिच्याकडं न जाता सहादूंकडं तक्रार करायचे. सहादू खिशातून तार काढायचे, टाकायचे, आणि घरी येऊन जेवताना नवसाबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगायचे की आज पुन्हा पोरीचं काम निस्तरावं लागलं.

आशा उलटून बोलणारी नव्हती, पण गप्प बसणारीही नव्हती. एकदा भाकरी वाढता वाढता तिनं शांतपणे सांगितलं की आबा, फ्यूज उडतो तेव्हा त्याचं काम झालेलं असतं. सहादूंनी घास गिळला आणि म्हणाले, माझ्याकडं असा कामगार असता तर मी त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता. नवसाबाई हसल्या, आशाही हसली, आणि विषय तिथंच राहिला.

पुढं दोन हजार तीनच्या सुमारास फुलाबाईंच्या बचत गटानं अंडी उबवायचं मशीन घेतलं. फुलाबाई म्हणजे मोठ्या धीराची बाई. आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बाया गोळा करून तिनं गट उभा केला होता, गावठी कोंबड्यांची पिल्लं विकायचा धंदा काढला होता. मशीन ठेवलं एका राईस मिलच्या मागच्या खोलीत. म्हणजे कपाटाएवढी पेटी, आत हीटर, पंखा आणि अंड्यांचे ट्रे. बाहेरच्या बाजूला कंट्रोलर, त्याच्यावर लाल आकडे. आत साडेसदतीस डिग्री उष्णता राहिली पाहिजे, कमी झाली की कंट्रोलर हीटर लावणार, वाढली की बंद करणार. खोलीचं सगळं वायरिंग सहादूंनी केलं, अगदी जीव ओतून केलं. किटकॅटमध्ये नेहमीची जाड तार घातली आणि बायांना सांगितलं, आता बघायचं काम नाही.

पहिल्या खेपेला अंडी उकडली. हीटर बंद व्हायला पाहिजे तेव्हा झालाच नाही. दुसऱ्या खेपेला लाईट गेली, आली, आणि येताना कंट्रोलर जाळून आली. अंडी गार पडली. कंपनीचा माणूस येऊन कंट्रोलर बदलून गेला, लाईट खराब आहे म्हणाला आणि निघून गेला. गटातल्या बायांच्या घरी आता नवरे बोलू लागले. तिसरी खेपही गेली तर मशीन विकून गट मोडायचा, असं ठरलं. मशीन आणि अंड्यांबरोबर एक गोष्ट पणाला लागली होती, जी फुलाबाई कुणाला बोलून दाखवत नव्हती. पाड्यांवरच्या बाया पहिल्यांदा कुणाच्या तरी शब्दावर घराबाहेर पडल्या होत्या, आणि तो शब्द तिचा होता.

ती सहादूंच्या घरी आली. ओट्यावर सहादू बसले होते, त्यांनी पाणी मागवलं, बसायला सांगितलं. फुलाबाई बसली नाही. सहादूंच्या देखत ती पडवीकडं वळून म्हणाली, "आशाताई, तू जरा येऊन बघशील का?"

सहादूंना ते फार लागलं. वायरिंग आपलं, गाव आपलं, आणि विचारणं सुनेला! त्यांनी तंबाखूची चंची उघडली, पुन्हा बंद केली. आशानं हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाली, "आबा येत असतील तर जाऊ. वायरिंग त्यांचं हाय, त्यांच्याशिवाय मला काय कळणार?" पोरीला बोलायचं बरोबर कळायचं. सहादू चपला घालायला लागले.

मशीनच्या खोलीत आशानं कशालाच हात लावला नाही. ती नुसती उभी राहिली. शेजारची मिल सुरू झाली तसा खोलीतला बल्ब मंदावला आणि मशीनच्या बाजूच्या पेटीतून थर्रर्र असा आवाज आला. हीटरला लाईट पोचवणारा मोठा रिले त्या पेटीत होता. आशानं सहादूंना विचारलं, हा आवाज नेहमी येतो का. सहादू म्हणाले, मशीनचा आवाज आहे, येणारच. असा आवाज त्यांनी जन्मभर ऐकला होता, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं.

आशानं मेन स्विच पाडला आणि रिले उघडून त्यांच्या हातात दिला. लाईट उतरली की रिलेच्या कॉईलचा जोर कमी पडतो, मग तो धड धरत नाही आणि धड सोडतही नाही. नुसता थडथडतो, दर थडकीला ठिणगी पडते, आणि शेवटी आतले एकमेकांना टेकणारे धातूचे दोन ठिपके वितळून एकमेकांना चिकटतात. मग कंट्रोलरनं कितीही बंद म्हटलं तरी हीटर चालूच. सहादूंनी चष्मा वर करून पाहिलं. ठिपके काळे पडले होते आणि एका बाजूला जुन्या वितळल्याची खूण होती. पहिल्या खेपेनंतर कुणीतरी तो ठोकून मोकळा केला होता. कुणी ते सहादूंना चांगलं माहीत होतं, कारण पक्कडीचा वण त्यांच्याच पक्कडीचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून पडवीत येऊन बसले आणि आशा काय करते ते बघू लागले. आशानं एक पत्र्याचा डबा घेतला. लाईट डब्यात शिरते त्या तोंडाशीच काचेचा फ्यूज. त्याच्या मागं दोन तारांच्या मध्ये एक निळी बटणासारखी चकती, तिला ती व्हॅरिस्टर म्हणत होती. त्याच्या मागं छोटा चार्जर आणि मोटरसायकलच्या बॅटरीएवढी बंद बॅटरी. कंट्रोलर आता सरळ लाईटवर चालणार नव्हता, बारा व्होल्टच्या त्या बॅटरीवर चालणार होता. त्यासाठी तिनं बारा व्होल्टवर चालणारा कंट्रोलर आणि तशाच कॉईलचा मोठा रिले आणला होता. रिलेच्या कॉईलवर एक डायोड आडवा लावला, रिले सुटताना कॉईल जो उलटा झटका मारते तो कंट्रोलरपर्यंत जाऊ नये म्हणून. हीटर राहणार लाईटवरच. लाईट कमी असली तर हीटर सावकाश तापेल, जास्त असली तर लवकर तापेल, पण त्याला लावायचं की सोडायचं हे ठरवणारे दोघं आता लाईटच्या लहरीवर नव्हते.

सहादूंना निळ्या चकतीचं काही केल्या पटेना. तिच्यातून काही जात नाही, ती काही चालवत नाही, मग ती कशाला? आशा म्हणाली की रोजच्या लाईटला ती गप्प बसते. वीज कडाडली, मोटर सुटली, असा क्षणाचा झटका आला की ती तो स्वतःच्या अंगावर घेते आणि पुन्हा गप्प बसते. पण लाईट वाढली आणि वाढलेलीच राहिली, तर एवढीशी चकती किती वेळ झेलणार? ती तापून मरते, आणि मरताना दोन तारा एकमेकींना जोडून देते. तेव्हा पुढचा फ्यूज उडालाच पाहिजे. नाही उडाला तर डबा पेटेल.

"म्हणून फ्यूज आधी आणि चकती मागं," ती म्हणाली. "आणि फ्यूज उडाला तर आधी का उडाला ते बघायचं. तोवर तिथं काय घालायचं नाय."

हे शेवटचं ती डब्याकडं बघत बोलली, पण कुणाला बोलली ते सहादूंना कळलं. खिशातल्या तारा त्यांना उगाच जड लागल्या. खोलीतल्या किटकॅटमधली त्यांची जाड तारही आशानं बदलली, हीटरला सोसेल एवढीच बारीक घातली. काढलेली तार तिनं टाकून दिली नाही, सासऱ्यांच्या हातात परत दिली.

तिसऱ्या खेपेची अंडी बसली. फुलाबाई दिवसातून कितीदा तरी येऊन लाल आकडे बघून जाई. मिल सुरू व्हायच्या, बल्ब मंदावायचा, पण रिलेचा थर्रर्र आवाज आता येत नव्हता. वेळ झाली की टक्क, पुन्हा वेळ झाली की टक्क. पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले असताना आशा सामान आणायला नाशिकला गेली, आणि त्याच दुपारी डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, निसटला.

न्यूट्रल निसटला की काय होतं ते बाजारानं त्या दिवशी पाहिलं. एका बाजूच्या दुकानांत बल्ब विझत आले, दुसऱ्या बाजूला पांढरेफटक होऊन फुटू लागले. टीव्हीच्या दुकानातून धूर निघाला. सहादू चहाच्या गाडीवर होते. एक बाई धावत आली, फुलाबाईंनी बोलावलंय म्हणाली. ते पळत निघाले, धोतराचा सोगा हातात धरून.

खोलीत फुलाबाईनं शहाणपणानं मेन स्विच पाडला होता. बल्ब फुटला होता, पंखा बंद होता, अंधारात कंट्रोलरचे लाल आकडे तेवढे दिसत होते. सदतीस पॉइंट चार. बाहेरून लाईटचा थेंब नसताना ते आकडे चालू होते, हे बघून सहादू क्षणभर दारातच थांबले. मंडपवाल्याचा जनरेटर आणायला माणूस पाठवला होता, तो आला, सहादूंनी तो लाईट की जनरेटर हे निवडायच्या चेंजओव्हर स्विचला जोडला. पंखा फिरू लागला. थोड्या वेळानं रिले टक्क झाला आणि हीटर लागला. आशाच्या डब्यावरचा हिरवा दिवा मात्र लागला नाही, तो चार्जरचा दिवा होता. सहादूंनी झाकण उघडलं. काचेच्या फ्यूजमध्ये आतून काळा धूर माखला होता. निळी चकती मधोमध तडकली होती.

एवढ्यात लाइनमननं न्यूट्रल आवळला, गावात लाईट सरळ झाली. टेस्टरनं, बल्बनं, सगळ्यानं सहादूंनी ती तपासली. लाईट नेहमीसारखी होती. फुलाबाईनं जनरेटर बंद करायला सांगितला. सगळं चालू झालं, फक्त डबा मेला होता, आणि कंट्रोलर बॅटरीवर चालला होता. बाया दारात गोळा झाल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, बॅटरी उतरली की आकडे जातील, मग पुन्हा गेलं सगळं. दुसरी म्हणाली, सहादूभाऊ आहेत ना, त्यांची तार घाला, आशाताई येईपर्यंत निभेल.

सहादूंचा हात खिशात गेलाच होता. बोटांत तार आलीसुद्धा. फ्यूज उडालाय, गिऱ्हाईक दारात उभं आहे, खिशात तार आहे, अशा वेळी दुसरं काय करायचं असतं हे त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. आणि घातली असती तर बायांनी दुवाच दिला असता. त्यांनी पुन्हा एकदा तडकलेल्या चकतीकडं पाहिलं. का उडाला, ते समोर दिसत होतं.

"नाय," सहादू म्हणाले. "उडालाय तो उडू दे. पोरगी येईस्तोवर ह्याला कुणी हात लावायचा नाय. मीबी नाय."

फुलाबाईनं विचारलं, बॅटरी टिकेल का. सहादूंना ते नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं त्यांनी तसंच सांगितलं. पण आशानं ठेवली आहे म्हणजे विचार करून ठेवली असणार, एवढं बोलून ते दाराशी उलट्या घमेल्यावर बसले. गिरणीच्या ओट्यावरून लोक बघून गेले. सहादू तोकडे बंद पडलेल्या कामासमोर हातावर हात ठेवून बसलेत, हे घोटीनं कधी पाहिलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर ते म्हणत, राखण करतोय. खरोखरच ते राखणच करत होते, आणि ती दुसऱ्या कुणापासून नव्हे, स्वतःच्याच हातापासून होती. बायांना वाटलं असेल म्हाताऱ्याला सुधरेना, पण जन्मभराच्या कामात त्यांना याहून जड काम कधी पडलं नव्हतं.

दिवेलागणीला आशा एसटीतून उतरली आणि परस्पर खोलीवर आली. बॅटरी अजून चांगली भरलेली होती. तिनं फ्यूज काढला, मग मीटरच्या दोन काड्या तडकलेल्या चकतीच्या दोन पायांना लावल्या. मीटर सलग वाजत राहिला. तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. आतून चकती पुरती जुळली होती. तिच्यापुढं जाड तार घातली असती, तर दोन तारा थेट एकमेकींना जोडल्यासारखं झालं असतं, आणि पत्र्याच्या डब्यापासून मशीनच्या लाकडी पेटीपर्यंत अंतर वीतभर. आशानं पिशवीतून नवी चकती काढली, जोडली, मग नवा फ्यूज बसवला. हिरवा दिवा लागला.

"आबा, तुम्ही तार नाय घातली," ती म्हणाली.

"तू सांगितलं होतंस ना," सहादू म्हणाले, आणि उगाच चष्मा पुसायला लागले.

पिल्लं निघाली तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाड्यावरच्या बाया नवऱ्यांना घेऊन आल्या होत्या. ट्रेमधून चिवचिव ऐकू आली तशी फुलाबाई भिंतीला टेकून रडली आणि मग स्वतःलाच हसली. गट टिकला. पुढं त्यांनी दुसरं मशीन घेतलं, त्याचा डबा आशानं केला आणि डब्याला तारांची भोकं सहादूंनी पाडली. मग मिलवाले आले, द्राक्षाच्या शीतगृहासाठी वरच्या गावचे लोक आले. पडवी पुरेना म्हणून ओटाही दुकानात गेला.

सहादूंची फुशारकी काही गेली नाही, फक्त तिची दिशा बदलली. चहाच्या गाडीवर ते आता सांगू लागले की आमच्या सुनेचा फ्यूज म्हणजे फ्यूज, बरोबर वेळेला उडतो. लोक म्हणायचे, अहो भाऊ, तुमचा तर उडतच नव्हता. सहादू म्हणायचे, म्हणून तर तुमचे टीव्ही जळले! आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसायचे. आपलं चुकलं हे असं भर बाजारात हसत सांगता येतं, हे त्यांना या वयात कळलं, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. सुनेचा इतका अभिमान वाटत होता की कमीपणाला जागाच उरली नव्हती.

त्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत जुनी. पाट मांडायचा, त्यावर सगळ्यात आधी सहादूंची पक्कड, मग टेस्टर, मग बाकीचं. पक्कडीचा पहिला मान त्यांच्या वडिलांपासूनचा. पुढच्या नवरात्रात नवसाबाईंनी पाट मांडला, झेंडूचा हार काढला, आणि पक्कड ठेवायला हात पुढं केला, तर सहादू म्हणाले थांब. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला. त्या खिशात आता तारा नव्हत्या. त्यातून त्यांनी काचेचा एक काळा पडलेला फ्यूज काढला, त्या दुपारचा. आशानं तो काढून बाजूला टाकला होता, तो त्यांनी केव्हा उचलला ते तिलाही माहीत नव्हतं. त्यांनी तो पाटावर मधोमध ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि आशाला पुढं बोलावलं.

"पूजा तू कर," ते म्हणाले. "पक्कड नंतर. ह्यो आधी. मी उडू दिलेला पहिला फ्यूज हाय."